तिसरा किलोवॅट परवडतो का?

गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्यांच्या कोटेशनमध्ये शेवटी बहुधा एक ठळक ओळ असते: ‘28 महिन्यांत पैसे वसूल.’ हा आकडा खोटाच असतो असे नाही. पण तो कसा काढला हे क्वचितच लिहिलेले असते, आणि त्याची फोड केली की कोटेशनमधला कुठला भाग खरोखर फायद्याचा आहे आणि कुठला नुसता सोबत आला आहे, ते दिसते. त्यासाठी वर्षभराची वीजबिले आणि एक कागद पुरतो.

महावितरणचे एक घरगुती ग्राहक धरू. महिन्याचा वापर सरासरी 300 युनिट. हाती आलेले कोटेशन 3 किलोवॅटचे, एकूण 1,95,000 रुपये, त्यातून केंद्राचे अनुदान 78,000 वजा, म्हणजे खिशातून 1,17,000. पुढे लिहिले आहे: महिन्याला 350 युनिट निर्मिती, 12 रुपये दराने 4,200 रुपयांची बचत. 1,17,000 भागिले 4,200, आले 28 महिने.

आधी किंमत. अनुदान वजा करून आलेला आकडा बाजूला ठेवावा आणि जीएसटीसह पूर्ण रकमेला किलोवॅटने भागावे. इथे ते 65,000 रुपये प्रति किलोवॅट पडते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान 2024 मध्ये ठरले तेव्हा सरकारने पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 50,000 आणि तिसऱ्याला 45,000 रुपये खर्च धरला होता. पहिल्या दोनवर 60 टक्के म्हणजे प्रत्येकी 30,000, तिसऱ्यावर 40 टक्के म्हणजे 18,000. त्यातून 78,000 ही मर्यादा आली. चौथ्या किलोवॅटला काहीही मिळत नाही. सरकारी हिशेबातले 1,45,000 आणि आपल्या कोटेशनमधले 1,95,000 यांत 50,000 चा फरक आहे. गच्ची वापरात राहावी म्हणून उंच सांगाडा घेतला असेल, पॅनेल वरच्या प्रतीचे असतील, तर त्यातला काही भाग समजण्यासारखा आहे. मात्र कशाचे किती, हे वेगवेगळे लिहून मागावे. ‘सर्व समाविष्ट’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. नेट मीटर आणि अर्थिंगचा खर्च मागाहून उगवतो तो याच शब्दांतून.

मग पॅनेल मोजावेत. 540 वॅटचे पाच पॅनेल म्हणजे 2,700 वॅट, 3 किलोवॅट नव्हे. अनुदानासाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी असेल ती धरतात. त्यामुळे इन्व्हर्टरवर 3 किलोवॅट लिहिलेले असले तरी अनुदान 78,000 ऐवजी 72,600 होते. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचे असावेत, अशीही अट आहे. कोटेशनमध्ये त्यासाठी ‘डीसीआर’ असे लिहिलेले दिसले पाहिजे. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात, पण अनुदान जाते. शिवाय अनुदान यंत्रणा सुरू झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते, आणि कर्ज काढले तर व्याजही हिशेबात धरावे लागते.

आता बचत, जिथे खरी गोम आहे. 350 युनिट निर्मितीचा अंदाज रास्त आहे. महाराष्ट्रात एक किलोवॅट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॅटचे 4,200. सावली नसेल तर. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच साखळीतल्या इतर पॅनेलची निर्मिती घटू शकते. दिवसा वीज गेली की बिनबॅटरीची यंत्रणा आपोआप बंद पडते, तेवढा वेळ ऊन फुकट जाते. भारनियमनाच्या गावात हे युनिट आधीच वजा करावेत.

चूक आहे ती प्रत्येक युनिटला 12 रुपये धरण्यात. बिलाचे दर टप्प्याटप्प्याचे असतात. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटांना 6 रुपये, 101 ते 300 ला 11 रुपये आणि त्यापुढे 15 रुपये असे गोल आकडे धरू; वाचकांनी आपल्या बिलावरचे ताजे दर घ्यावेत. 300 युनिटांचे होतात 2,800. त्यावर 16 टक्के वीज शुल्क धरून सुमारे 3,250 रुपये. बचत याच्यापुढे जाऊ शकत नाही, कारण जे बिल येतच नाही ते वाचणार कुठून? स्थिर आकार तर पॅनेल बसवूनही भरावाच लागतो. कोटेशनमधले 4,200 इथेच गळून पडतात.

नेट मीटरमध्ये आपली निर्मिती वापरातून वजा होते आणि उरलेल्या युनिटांना टप्पे लागतात. म्हणजे सौर वीज आधी महाग टप्पा खाते आणि स्वस्त टप्पा शेवटी. म्हणून एकेक किलोवॅट सुटा मोजून पाहावा. पहिला महिन्याला सुमारे 117 युनिट देतो, ते सगळे 11 रुपयांचे. शुल्कासह बचत 1,490 रुपये. दुसरा उरलेला 11 रुपयांचा टप्पा संपवून 6 रुपयांच्या टप्प्यात शिरतो. बचत सुमारे 1,290. तिसऱ्याच्या वाट्याला उरतात जेमतेम 67 स्वस्त युनिट, म्हणजे 465 रुपये. त्याचे बाकीचे 50 युनिट शिल्लक पडतात. शिल्लक पुढच्या महिन्यांत वापरता येते, त्यामुळे एप्रिल-मेमधले ऊन पावसाळ्याच्या बिलात उपयोगी पडते. पण 31 मार्चला खाते बंद होते आणि उरलेल्या युनिटांना घरगुती दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. 3 रुपये धरले तर वर्षाच्या 600 युनिटांचे 1,800.

त्याच विक्रेत्याने 2 किलोवॅटचे 1,40,000 सांगितले, असे समजू. 60,000 अनुदान जाता 80,000 रुपये पडतात, वर्षाची बचत सुमारे 33,400, आणि वसुली जवळपास अडीच वर्षांत. तिसऱ्या किलोवॅटसाठी जादा 37,000 द्यायचे आणि मिळवायचे वर्षाला सुमारे 7,400, म्हणजे पाच वर्षे. तिन्ही एकत्र मोजले तर तीन वर्षांच्या आत वसुली दिसते आणि तिसरा त्या सरासरीच्या आड लपतो. पाच वर्षे वाईट नाहीत. पॅनेलची कामगिरी हमी बहुधा 25 वर्षांची असते. पण मधे कधीतरी इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च येणार, हे त्या वेळी लक्षात असावे.

हेच 3 किलोवॅटचे कोटेशन महिन्याला 120 युनिट वापरणाऱ्या घरी गेले, तर बचत वर्षाला 11,400 आणि शिलकीचे सुमारे 8,300 रुपये मिळून वसुली सहा वर्षांवर जाते. त्या घराला एक किलोवॅट पुरे.

उलट 300 युनिटांच्या घरात एसी किंवा विजेची स्कूटर येणार असेल आणि वापर 400 वर जाणार असेल, तर तिसऱ्या किलोवॅटच्या युनिटांपैकी निम्म्याहून अधिक 11 रुपयांच्या टप्प्यातले होतात. मग तो वर्षाला सुमारे 14,400 रुपये वाचवतो, आणि त्याचे 37,000 अडीच वर्षांच्या थोडे पुढे निघून येतात.