अटकेच्या कागदात काय नव्हतं

तालुक्याच्या कोर्टात दुपारी साडेतीनला आरोपी हजर होतो, तेव्हा बाकीचे पक्षकार चहाला गेलेले असतात. तपासी अंमलदार न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर रिमांड यादी ठेवतो, सरकारी वकील दोन वाक्यं बोलतात आणि सात दिवसांची पोलीस कोठडी मागितली जाते. आरोपीच्या वकिलाने जेमतेम दहा मिनिटांपूर्वी कॉरिडॉरमध्ये वकीलपत्रावर सही घेतलेली असते. त्याने कोणता कागद आधी पाहावा?

बहुतेक जण रिमांड यादी पाहतात. पाहायला हवा तो आरोपीच्या खिशात घडी घालून ठेवलेला कागद.

एक कल्पित पण ओळखीचं वाटेल असं प्रकरण घेऊ. पतसंस्थेत कारकून असलेल्या तरुणाला सोमवारी संध्याकाळी 7.40 वाजता अटक झाली. ठेवीदारांच्या पैशांचा अपहार झाल्याची फिर्याद आहे आणि मंगळवारी 3.30 वाजता त्याला कोर्टात आणलं आहे. चोवीस तासांच्या आत हजर करण्याचा नियम पाळला गेला, त्यामुळे तिथे वकिलाला काही सापडत नाही. कारकुनाच्या खिशातल्या कागदावर ‘अटकेची कारणे’ असा मथळा आहे आणि खाली छापील मजकूर: आपणास अमुक गुन्हा रजिस्टर नंबरमध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(4), 318(4) अन्वये अटक करण्यात येत आहे, सखोल तपास करणे, पुराव्यात छेडछाड टाळणे आणि साक्षीदारांवर दबाव येऊ न देणे यासाठी अटक आवश्यक आहे. खाली सही आणि वेळ: 3.10.

या कागदात दोन दोष आहेत, एक मजकुराचा आणि एक वेळेचा. वेळेचा दोष चटकन दिसतो, म्हणून वकील त्यावरच तुटून पडतात. मजकुराचा दोष जास्त खोल आहे.

राज्यघटनेचा अनुच्छेद 22(1) सांगतो की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत. हेच बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 47 मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 50 होतं. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘कारणं’ हा एकच शब्द वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे अटक का गरजेची आहे. ते उत्तर कुठल्याही आरोपीला चिकटवता येतं, कारण पुराव्यात छेडछाड होईल ही भीती चोरापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांबाबत लिहिता येते. दुसरी गोष्ट म्हणजे या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 15 मे 2024 रोजी हाच फरक स्पष्ट केला आणि अटक व रिमांड दोन्ही बेकायदा ठरवले. अटकेचा आधार त्या आरोपीपुरता, त्याच्या कृत्याशी जोडलेला असला पाहिजे. तो कळला तरच त्याला कोठडीला विरोध करता येतो.

आपल्या कारकुनाच्या कागदावर काय असायला हवं होतं? अमुक तारखांना अमुक खात्यांतून ठेवीदाराच्या खोट्या सहीने रक्कम काढली, व्हाउचरवर अक्षर तुमचं आहे असा अमुक साक्षीदाराचा जबाब आहे, इतकं तरी. ते असतं, तर वकील म्हणू शकला असता की त्या तारखेला हा माणूस रजेवर होता किंवा व्हाउचर पोलिसांनी आधीच जप्त केली आहेत, मग कोठडी कशाला. छापील ओळीला असं कुठलंच उत्तर देता येत नाही. माझी एक साधी कसोटी आहे: कागदावरचं नाव खोडून शेजारच्या आरोपीचं घातलं आणि मजकूर तरीही चालला, तर ती अटकेची कारणं नव्हेत.

आता वेळ. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, म्हणजे वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी सांगितलं की सर्वच गुन्ह्यांत अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी ते अशक्य असेल तर तोंडी सांगायची, पण लेखी प्रत रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड बेकायदा. हा दंडक त्यानंतरच्या अटकांना लागू होतो, म्हणून अटकेची तारीख आधी तपासावी.

आमच्या कागदावर 3.10 ही वेळ आहे, म्हणजे हजेरीआधी वीस मिनिटं. पण इथे सावध राहायला हवं. चोवीस तास 7.40 ला संपणार आहेत. आरोपीला पुन्हा 5.10 नंतर उभं करू, असं सरकारी वकील म्हणू शकतात. निव्वळ वेळेवर उभा केलेला विरोध असा दोन तासांत विरघळू शकतो. कागदात मजकूरच नसेल, तर घड्याळ कितीही पुढे गेलं तरी तो येत नाही. म्हणून मजकुराचा मुद्दा आधी आणि वेळेचा नंतर.

सरकारी बाजूची उत्तरं ठरलेली असतात. घरच्यांना फोन केला होता, हे पहिलं. पण विहान कुमार निकालात (7 फेब्रुवारी 2025) सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की अटक झाल्याची खबर वेगळी आणि अटकेची कारणं वेगळी. सगळं रिमांड यादीत लिहिलं आहे, हे दुसरं. ती यादी कोर्टासाठी असते, आरोपीसाठी नाही, आणि त्याच निकालात तिचा आधार पुरेसा मानलेला नाही. तिथेच हेही सांगितलं आहे की कारणं कळवल्याचं सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर आहे आणि रिमांड देताना ते पडताळणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. त्यामुळे वकिलाने स्टेशन डायरीतली नोंद मागावी. तिथे नुसतंच ‘आरोपीस अटकेचे कारण समजावून सांगितले’ असेल, तर काय समजावलं हा प्रश्न उरतोच.

तिसरं उत्तर खरं अवघड आहे: आरोपीचं नुकसान काय झालं? ऑगस्ट 2025 मध्ये दर्शन प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की लेखी कारणं न मिळाल्याने आपोआप अटक रद्द होत नाही, नुकसान दाखवावं लागतं. नोव्हेंबरच्या निकालाने चित्र बदललं, तरी हा आक्षेप कोर्टात ऐकू येणारच. म्हणून व्हाउचर आणि रजेच्या तारखांसारखा नेमका तपशील द्यावा: हे आधी कळलं असतं तर मी असा बचाव केला असता.

एक चूक मात्र अनुभवी वकीलही करतात. दोष दाखवून झाल्यावर ते सवयीने म्हणतात, ‘पीसीआर नको, एमसीआर द्या.’ न्यायालयीन कोठडी मिळाली की जामिनाचा अर्ज लगेच टाकता येतो, म्हणून ही सवय. पण अटकच बेकायदा आहे असं म्हणायचं आणि त्याच श्वासात तुरुंगात पाठवा म्हणायचं, हे जमत नाही. मागणी सुटकेचीच हवी आणि कोठडीची विनंती पर्याय म्हणून, तसा उल्लेख करून.

दंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ तो ‘नाही’ म्हणतो आणि तसं नोंदवलं जातं. त्याच्या मनात प्रश्न मारहाणीचा असतो. म्हणून आक्षेप लेखी द्यावा, छापील कागदाची प्रत जोडावी, प्रत कधी मिळाली ते लिहावं आणि आदेशात त्याची नोंद घ्यावी असं म्हणावं. नोंद नसेल तर पुढे हायकोर्टात हा मुद्दा तेव्हाच उपस्थित केला होता हे दाखवणं कठीण जातं.

सुटका झाली म्हणून खटला संपत नाही. तपास आणि आरोपपत्र शाबूत राहतात. पोलीस लेखी कारणं देऊन आणि उशीर का झाला ते सांगून पुन्हा कोठडी मागू शकतात. त्या अर्जावर शक्यतो आठवड्याच्या आत निर्णय व्हावा असं नोव्हेंबरचा निकाल म्हणतो. आमचा कारकून मंगळवारी संध्याकाळी घरी गेला, तरी पुढच्या आठवड्यात तो त्याच कॉरिडॉरमध्ये उभा असू शकतो. फक्त त्या वेळी हातातल्या कागदावर तारखा, खाती आणि व्हाउचर असतील, आणि त्याच्या वकिलाकडे ती वाचायला दोन तास असतील.