वर्गातल्या हवेचा हिशेब

शिकवणी वर्गांमध्ये आता सर्रास स्प्लिट एसी दिसतात. या यंत्राबद्दल एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते: ते खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतं, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. थंडावा टिकावा म्हणून खिडक्या लावून घेतल्या की मुलांनी सोडलेला श्वास त्याच खोलीत साचत जातो.

किती साचतो, ते मोजता येतं. एक वर्ग घेऊ. ६० चौरस मीटरचा, ३ मीटर उंच, म्हणजे आत १८० घनमीटर हवा. शिक्षक धरून ४० माणसं. बसून लिहिणारा मोठ्या वयाचा विद्यार्थी दर मिनिटाला साधारण ०.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४० जणांचा झाला १२ लिटर. एवढ्या खोलीत तो मिसळला की त्याचं प्रमाण दर मिनिटाला सुमारे ६७ पीपीएमने वाढतं. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले तितके भाग. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० च्या आसपास असतो. पाऊण तासाच्या तासिकेत त्यात ३,००० ची भर पडते. दाराच्या फटींतून थोडी हवा येत-जात असल्याने प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरेल, इतकंच.

मग ताजी हवा किती लागते? अमेरिकेतल्या ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेचं ६२.१ क्रमांकाचं मानक यासाठी जगभर वापरलं जातं. त्यात हिशेबाचे दोन भाग आहेत. शाळेच्या वर्गासाठी दर माणशी ५ लिटर प्रतिसेकंद आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.६ लिटर प्रतिसेकंद. पहिला भाग माणसांसाठी. दुसरा खोलीसाठी, कारण रंग, प्लायवूडची बाकं, फरशी पुसायचं औषध, मार्कर हे सगळं हवेत काही ना काही सोडतच असतं, मुलं असोत वा नसोत. आपल्या वर्गाला माणसांचे २०० आणि खोलीचे ३६, असे एकूण २३६ लिटर प्रतिसेकंद लागतात. पंखा आणि डक्ट लावून, गाळून, इतकी हवा बाहेरून आत घ्यायची.

पण वर्ग दिवसभर भरलेला नसतो. कधी २० मुलं असतात, कधी पाचच जण शंका विचारायला थांबतात. बाहेरच्या हवेतली उष्णता आणि दमटपणा काढायला वीज लागते. मुंबईच्या दमट हवेत २० मुलांसाठी १३६ लिटर पुरत असताना २३६ लिटर घेतले, तर त्या जादा हवेसाठीच एका टनाहून थोडं जास्त एसी खर्ची पडतं. म्हणून माणसं किती आहेत ते ओळखून पंख्याचा वेग बदलायचा आणि ओळखण्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजायचा, ही पद्धत निघाली. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून तिला डीसीव्ही म्हणतात.

इथे बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. सेन्सर बसवला जातो आणि ‘१,००० पीपीएमवर ठेवा’ असं सांगितलं जातं. हा आकडा जुना आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतल्या हवेसाठी हजारात एक भाग ही मर्यादा सुचवली होती. मात्र हा वायू स्वतः घातक आहे म्हणून नव्हे, तर माणसांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या इतर गोष्टी किती साचल्या असतील त्याची ती खूण आहे म्हणून. आजही सेन्सर तेच करतो. तो हवेची शुद्धता मोजत नाही. ताजी हवा माणसांना पुरतेय का, एवढंच सांगतो. धूळ, धूर, रंगाचा वास यांची त्याला गंधवार्ता नसते.

आपल्या वर्गाचा योग्य आकडा काढू. ४० जण सेकंदाला ०.२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो २३६ लिटर ताज्या हवेत मिसळतो. भागाकार केला की बाहेरच्यापेक्षा ८४७ पीपीएम जास्त, म्हणजे आत सुमारे १,२६७ वर आकडा स्थिरावतो. भरलेला वर्ग नियमाप्रमाणे पुरेशी हवा घेत असतानाही १,२६७ च दाखवणार! तिथे १,००० चा हट्ट धरला तर ३४५ लिटर हवा लागेल. पंखा तेवढा मोठा नसतो, म्हणून तो पूर्ण वेगाने फिरत राहतो, आकडा खाली येत नाही आणि ‘यंत्र बिघडलंय’ अशी तक्रार येते.

उलट पाचच मुलं असतील तर? त्यांचे २५ आणि खोलीचे ३६ मिळून ६१ लिटर लागतात. पण १,००० वर ठेवलेलं यंत्र ४३ लिटरवरच समाधान मानतं, कारण खोलीचा वाटा त्याला दिसतच नाही. एकच आकडा भरल्या वर्गात अवाजवी कडक आणि रिकाम्या वर्गात ढिला ठरतो. वर्ग लहान मुलांचा असेल तर आणखी फरक पडतो. ती कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात, पण नियम त्यांनाही माणशी ५ लिटरच देतो. प्रत्येकी मिनिटाला ०.२ लिटर धरले, तर तशाच भरलेल्या वर्गाचा आकडा ९८५ च्या आसपास स्थिरावला पाहिजे. मोठ्यांचा १,२६७ तिथे वापरला तर लहानांना कमी हवा मिळेल.

यावरचा उपाय सोपा आहे. पंख्याला किमान ३६ लिटरची मर्यादा घालायची, वर्ग वापरात असेपर्यंत त्याखाली जाऊच द्यायचं नाही. मग ४२० ला ३६ लिटर आणि १,२६७ ला २३६ लिटर अशी सरळ चढती रेषा नियंत्रकात भरायची. २० मुलं असताना हे यंत्र सुमारे १७३ लिटर देतं. गरज १३६ ची, म्हणजे चूक झालीच तर मुलांच्या बाजूने होते. मुलं आत शिरल्यावर आकडा वाढू लागला की पंखाही लगेच वेग घेतो, वरची मर्यादा गाठेपर्यंत थांबत नाही.

आता सेन्सरबद्दल. तो बसलेल्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीला हवा. दारापासून, खिडकीपासून आणि हवा सोडणाऱ्या जाळीपासून दूर. स्वस्त उपकरणांपैकी काही हा वायू मोजतच नाहीत, इतर वासांवरून अंदाज बांधतात. ती टाळावीत, अवरक्त प्रकाशाने मोजणारा, एनडीआयआर लिहिलेला सेन्सर घ्यावा. अशा बऱ्याच सेन्सरमध्ये स्वतःला दुरुस्त करण्याची सोय असते. गेल्या काही दिवसांतलं सर्वांत कमी मोजमाप म्हणजे बाहेरची हवा, असं तो धरून चालतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि रविवारीही भरणाऱ्या बंद वर्गात हवा कधी तितकी स्वच्छ होतच नाही. मग सेन्सर ६०० लाच ४२० समजू लागतो आणि पंखा मंदावतो. अधूनमधून तो खिडकीबाहेर धरून बघावा. आकडा ४२० च्या जवळपास हवा.

पुरेशी हवा खरंच येतेय का, हे कंत्राटदाराच्या कागदावरून ठरवायची गरज नाही. वर्ग सुटल्यावर खोली पूर्ण रिकामी करा, दारं-खिडक्या तासाला असतात तशाच ठेवा, हवा मिसळावी म्हणून छताचा पंखा चालू ठेवा. ताज्या हवेचा पंखा पूर्ण वेगावर ठेवा. समजा सेन्सर १,६२० दाखवत होता आणि अर्ध्या तासाने ८२० वर आला. बाहेरचे ४२० वजा केले तर १,२०० चे ४०० झाले, म्हणजे एक तृतीयांश. तीनचा नैसर्गिक लॉगरिदम १.१ येतो, त्याला अर्ध्या तासाने भागलं की २.२. तासाला खोलीतल्या हवेच्या २.२ पट ताजी हवा येते आहे. १८० घनमीटरच्या खोलीत ते होतात सुमारे ११० लिटर प्रतिसेकंद. हवे होते २३६. अशा वेळी आधी फिल्टर काढून बघावा. बहुधा तो धुळीने गच्च भरलेला सापडतो.