एक की नऊ?

किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतल्या पानाचा फोटो. आकडे पाच: २४०, १८५, ९०, ४६० आणि पाचवा ३१५ की ३९५, कळत नाही. ओलं बोट लागून मधल्या अंकाची शाई फुटली आहे. देवनागरी १ आणि ९ दोन्हींत वर गाठ, खाली शेपटी. शाई पसरली की फरक बुडतो.

अशा वेळी अंदाज न बांधता दोन्ही धरून बेरीज करावी. एक धरला तर १२९०, नऊ धरला तर १३७०. फरक ८०चा, कारण नवातून एक गेला की आठ आणि अंक दशकस्थानी आहे. पानाच्या तळाशी १३७० लिहिलं असेल, तर आकडा ३९५.

तळाशी १३४० असेल तर? मग चूक दुसरीकडे आहे: दुसरा एखादा अंक आपण चुकीचा वाचला, किंवा दुकानदाराची बेरीज चुकली. पुसट अंक ओढूनताणून जुळवू नये.

दशकस्थानी असे दोन अंक पुसट असले, तर बेरीज एवढंच सांगते की त्यांत नऊ किती आहेत. एकच असेल, तर तो कोणता, ते नाही. तिथे शेजारचा माल वाचावा. ‘तेल ३ लिटर, दर १०५’ असेल, तर तो आकडा ३१५च.