आधी अपील, मग रिट

सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल झाली की सरकारी वकिलाचा पहिला आक्षेप बहुधा ठरलेला असतो : या आदेशावर अपिलाची सोय कायद्यातच आहे, याचिकाकर्त्याने ती वापरलेली नाही, तेव्हा याचिका ऐकू नये. पुष्कळ याचिका या एकाच आक्षेपावर निकाली निघतात आणि आदेश बरोबर होता की चूक, या प्रश्नापर्यंत सुनावणी पोहोचतही नाही. कायद्याच्या भाषेत याला पर्यायी उपाय आधी वापरण्याचा नियम म्हणतात.

हा नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ मध्ये लिहिलेला नाही. त्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाला रिट काढण्याचा अधिकार दिला आणि त्याला अशी कोणतीही अट जोडली नाही. मर्यादा न्यायालयांनी स्वतःच घालून घेतली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा प्रत्यक्ष घटनेत घातली होती. अन्य कायद्यात दाद मागण्याची सोय असेल तर काही प्रकारच्या याचिका उच्च न्यायालयाने घेऊच नयेत, असे तिने सांगितले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. त्यामुळे आज हा नियम न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. पर्यायी उपाय असतानाही याचिका ऐकण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. तो वापरायचा की नाही, एवढेच न्यायालय ठरवते. २०२३ मध्ये गोदरेज सारा ली कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला : याचिका चालण्याजोगी असणे ही एक गोष्ट आणि न्यायालयाने ती विचारात घेणे ही दुसरी.

नियमामागची कारणे व्यवहाराची आहेत. कर, बँकवसुली, सरकारी नोकरी अशा विषयांत कायद्याने हक्क दिले, त्याच कायद्याने दाद मागायची जागाही नेमून दिली. अपील अधिकारी हिशेबाच्या वह्या, बिले, पावत्या तपासू शकतो. रिट याचिकेचा निकाल मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर लागतो. तिथे सहसा साक्षी होत नाहीत, उलटतपासणी होत नाही. माल खरोखर पोहोचला होता का, सही कोणाची, रक्कम किती, असे वस्तुस्थितीचे वाद प्रतिज्ञापत्रांवर सुटत नाहीत. म्हणून ज्या प्रकरणात वाद मुख्यतः वस्तुस्थितीचा असतो, तिथे उच्च न्यायालय याचिकाकर्त्याला जवळजवळ हमखास अपिलाकडे पाठवते.

अपवाद कोणते, याचे आज सर्वाधिक उद्धृत होणारे उत्तर मुंबईतील एका वादातून आले. १९९८ चा व्हर्लपूल कॉर्पोरेशन विरुद्ध ट्रेडमार्क निबंधक, मुंबई हा तो निकाल. ‘व्हर्लपूल’ या नावावरून कंपनीचा दुसऱ्या पक्षाशी दिल्ली उच्च न्यायालयात दावा चालू होता. तो चालू असतानाच मुंबईच्या निबंधकाने कंपनीची नोंदणी का रद्द करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस स्वतःहून काढली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिची याचिका फेटाळली गेली. विरोधी पक्षाचे म्हणणे साधे होते : ही नुसती नोटीस आहे, कंपनीने आधी निबंधकाला उत्तर द्यावे, मग पुढचे बघू.

सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, नावाचा वाद उच्च न्यायालयापुढे असताना नोंदणीत फेरफार करण्याचा अधिकार त्या उच्च न्यायालयाकडे जातो. म्हणजे निबंधकाला ती नोटीस काढण्याचा अधिकारच नव्हता. ज्याला अधिकार नाही त्याच्यापुढे जाऊन खुलासा करत बसा, असे सांगणे न्यायालयाला पटले नाही, आणि नोटीस रद्द झाली. हे करताना न्यायालयाने चार प्रसंग सांगितले, ज्यांत पर्यायी उपाय आडवा येत नाही : मूलभूत हक्क बजावून घेण्यासाठी याचिका केली असेल, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग झाला असेल, कारवाई पूर्णपणे अधिकाराबाहेरची असेल, किंवा ज्या कायद्याखाली कारवाई झाली त्याच्याच वैधतेला आव्हान असेल.

या चारही प्रसंगांना जोडणारा एक धागा आहे. अधिकाऱ्याने चुकीचा निर्णय दिला, एवढे यांपैकी कशातही बसत नाही. चुकीच्या निर्णयासाठीच तर अपील असते. अपवाद लागू होण्यासाठी निर्णय देण्याच्या अधिकारात किंवा पद्धतीत मुळाशीच दोष असावा लागतो, किंवा प्रश्न असा असावा लागतो की अपील अधिकारी त्याचे उत्तर देऊच शकत नाही. कायदा घटनाबाह्य आहे, असे त्याच कायद्याने नेमलेला अपील अधिकारी कसे ठरवणार?

नैसर्गिक न्यायाचा भंग कसा दिसतो, याचे ठळक उदाहरण १९५७ च्या उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मोहम्मद नूह या निकालात आहे. एका पोलीस हवालदाराची खातेनिहाय चौकशी चालू होती. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने मध्येच स्वतःची साक्ष हवालदाराविरुद्ध नोंदवली आणि पुन्हा चौकशीच्या खुर्चीवर बसून निर्णय दिला. साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच. अशा उघड भंगानंतर आधीची सगळी अपिले संपवण्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण हा नियम धोरणाचा, सोयीचा आणि विवेकाचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हवालदाराला मात्र यश मिळाले नाही. त्याच्या बडतर्फीचा आदेश राज्यघटना अमलात येण्यापूर्वीचा होता आणि त्यावर अनुच्छेद २२६ चालत नाही, असे बहुमताने ठरले.

रोजच्या व्यवहारात हा नियम कसा लागतो, हे जीएसटीच्या एका कल्पित प्रकरणावरून कळते. इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याला पोर्टलवर नोटीस आली आणि पुढे ६ लाख रुपये कर, शिवाय व्याज आणि दंड भरण्याचा आदेश निघाला, असे समजू. कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत त्याला अपील करता येते. पुरेसे कारण असेल तर अपील अधिकारी आणखी एक महिना माफ करू शकतो. वादातील कराच्या १० टक्के, म्हणजे ६० हजार रुपये, अपिलाबरोबर भरावे लागतात. ते भरले की उरलेल्या रकमेची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते.

आता पहिली शक्यता. अधिकाऱ्याने व्यापाऱ्याला बोलावले, त्याचे उत्तर वाचले, बिले पाहिली आणि पुरवठादाराचे व्यवहार खरे वाटत नाहीत म्हणून खरेदीवरच्या कराची वजावट नाकारली. व्यापाऱ्याच्या मते हे सपशेल चूक आहे. कदाचित असेलही, पण हा पुराव्याचा वाद आहे. इथे रिट केली तर अपिलाचा रस्ता दाखवला जाण्याचीच शक्यता जास्त. ६० हजार भरावे लागतात, ही तक्रार एकटी सहसा पुरत नाही.

दुसरी शक्यता वेगळी. नोटिशीत सुनावणीची तारीख लिहायच्या रकान्यात काहीच नाही. व्यापाऱ्याने लेखी उत्तर देऊन प्रत्यक्ष सुनावणी मागितली, तरी त्याला न बोलावता आदेश निघाला. कलम ७५(४) सांगते की व्यक्तीने लेखी मागणी केली असेल, किंवा तिच्याविरुद्ध निर्णय होणार असेल, तर सुनावणीची संधी दिलीच पाहिजे. हा दोष सिद्ध करायला साक्षीदार लागत नाहीत. नोटीस, उत्तर आणि आदेश हे तीन कागद शेजारी ठेवले की तो दिसतो. अशा प्रकरणांत उच्च न्यायालये याचिका घेतात. पण जिंकले तरी हातात काय पडते, हेही पाहायला हवे. न्यायालय ६ लाखांचा कर रद्द ठरवत नाही. साधारणपणे ते आदेश बाजूला सारून प्रकरण त्याच अधिकाऱ्याकडे नव्या सुनावणीसाठी परत पाठवते. व्यापारी पुन्हा उत्तर देण्याच्या टप्प्यावर येतो.

व्हर्लपूलमधील चार प्रसंग म्हणजे पूर्ण यादी नव्हे. पर्यायी उपाय नावाला असून कामाचा नसेल, तरीही उच्च न्यायालय दार उघडते. जीएसटी २०१७ मध्ये लागू झाला, पण अपिलाचा दुसरा टप्पा असलेले न्यायाधिकरण नंतर कित्येक वर्षे प्रत्यक्षात बसलेच नव्हते. त्या काळात पहिल्या अपिलात हरलेल्यांना रिटखेरीज जागाच उरली नव्हती. राधा कृष्ण इंडस्ट्रीज या २०२१ च्या प्रकरणात हिमाचल प्रदेशातील कर अधिकाऱ्यांनी कंपनीची येणी तात्पुरती जप्त केली होती. त्या आदेशावर अपिलाची सोय नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने रिट योग्य ठरवली.

उलट काही क्षेत्रांत न्यायालये जास्तच कडक आहेत. थकीत कर्जापोटी बँकेने तारण मालमत्तेवर कारवाई केली तर कर्जदाराला ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. ते सोडून आलेल्या रिट याचिकांवर स्थगिती देताना उच्च न्यायालयांनी सावध राहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यवती टंडन यांच्या प्रकरणात २०१० मध्ये बजावले. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी तर नियम कायद्यातच लिहिलेला आहे. नोकरीविषयक तक्रार घेऊन प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी खात्यातील अपील किंवा विनंतीअर्ज करावा लागतो आणि त्यावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर पुढची वाट मोकळी होते.

सर्वांत मोठा धोका मुदतीचा असतो. रिट दाखल केली म्हणून अपिलाची मुदत आपोआप थांबत नाही. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने पाच महिने वाट पाहून मग रिट केली, तर अपील अधिकाऱ्याच्या हातात काही उरलेले नसते आणि उच्च न्यायालयही विचारते की वेळेत अपील का केले नाही. ग्लॅक्सो स्मिथक्लाइनच्या २०२० च्या निकालाने हे स्पष्ट केले आहे : कायद्याने दिलेली कमाल मुदत संपू दिली आणि त्याचे पटणारे कारण नसेल, तर ती चूक रिटच्या मार्गाने भरून काढता येत नाही. म्हणून आदेश हातात पडताच त्यावर तारीख टाकावी आणि अपिलाचा शेवटचा दिवस मोजून ठेवावा. रिटचा विचार करायचा तर तो त्या दिवसाच्या आतच करावा.