दाढेच्या बिलात नक्की काय असतं?

दाढ दुखू लागली आणि डॉक्टरांनी रूट कॅनाल करायला सांगितलं, की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो दराचा. गावातला एक दवाखाना अडीच हजार सांगतो, दुसरा पावणेचार हजार, जिल्ह्याच्या ठिकाणचा तज्ज्ञ त्याच्या दुप्पट. दाढ तीच, दुखणंही तेच. मग कुणीतरी लुटतंय किंवा कुणीतरी हलकं सामान वापरतंय, असा आपला तर्क धावतो. काही वेळा तो खराही असतो. पण दर ठरवणारी मुख्य गोष्ट सामान नसून खुर्चीवर जाणारा वेळ आहे. ती रुग्णाच्या नजरेत येत नाही आणि अनेक तरुण डॉक्टरांच्या हिशेबातूनही सुटते. नवा दवाखाना उघडताना शेजारच्या दवाखान्याचा दर विचारायचा आणि त्यातून दोनशे कमी करून आपला फलक लावायचा, ही पद्धत सर्रास चालते. शेजारचा गाळा स्वतःचा आहे की भाड्याचा, तिथे दिवसाला किती रुग्ण येतात, हे कुणी विचारत नाही.

आपण एक हिशेब मांडून पाहू. तालुक्याच्या गावातला, एका खुर्चीचा दवाखाना घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक दवाखान्यात ते वेगळे येतील, पण रीत तीच राहील.

आधी महिन्याचा खर्च. गाळ्याचं भाडं १५ हजार. मदतनीस आणि सफाई मिळून १३ हजार. वीज, पाणी, फोन, इंटरनेट ५ हजार. दुरुस्ती, विमा, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या संस्थेची फी, एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी आणि असे किरकोळ खर्च ७ हजार. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे आणि त्याचा डिजिटल सेन्सर, हँडपीस असं सगळं मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास भांडवल लागलं आणि ते सरासरी आठ वर्षं टिकेल असं धरलं, तर झिजेपोटी महिन्याला १० हजार बाजूला पडायला हवेत. हे झाले ५० हजार.

यात डॉक्टरांचा पगार धरलेला नाही, आणि पहिली चूक इथेच होते. ‘खर्च जाऊन उरेल ते माझं’ असं डॉक्टर म्हणतात. पण हेच डॉक्टर दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरीला गेले असते तर त्यांना पगार मिळालाच असता. तेव्हा तो पगारही खर्चच आहे, नफा त्यानंतर सुरू होतो. आपण ६० हजार धरू. गाळा स्वतःचा असला, तरी त्याचं चालू भाडं याच न्यायाने हिशेबात धरायला हवं. महिन्याचा एकूण खर्च झाला १ लाख १० हजार.

आता हा खर्च तासांवर वाटायचा, आणि खरी मेख इथे आहे. दवाखाना दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस उघडा, म्हणजे २०० तास. १ लाख १० हजार भागिले २००, तासाला ५५० रुपये. आकडा देखणा दिसतो, पण तो फसवा आहे. दवाखाना उघडा असतो तेवढा सगळा वेळ खुर्चीवर रुग्ण नसतो. कुणी वेळ घेऊन येत नाही, कुणी तासभर उशिरा येतं, दुपारी दीड ते चार गावच झोपलेलं असतं, आणि वीज जाते ती निराळीच. रिकाम्या एसटीलाही डिझेल तेवढंच लागतं, तसं रिकाम्या खुर्चीचं भाडं, पगार आणि झीज चालूच राहते. चांगल्या चालणाऱ्या छोट्या दवाखान्यात खुर्ची महिन्याला १०० ते १२० तास भरलेली असते असं समजू. ११० धरले तर तासाचा खर्च येतो १,००० रुपये. ५५० आणि १,००० यांतल्या फरकातच अनेक दवाखाने तोट्यात जातात. दिवसभर दमून महिनाअखेरीस हातात काही का राहत नाही, हे मात्र डॉक्टरांना कळत नाही.

इथे उलटी चूकही होऊ शकते. पावसाळ्यातल्या एखाद्या वाईट महिन्यात खुर्ची ७० तासच भरली, म्हणून त्या आकड्याने भागलं तर तासाचा दर दीड हजाराच्या वर जाईल, दर वाढले की रुग्ण आणखी कमी होतील आणि पुढच्या महिन्याचा भागाकार आणखी महाग येईल. म्हणून एका महिन्याचे तास धरायचे नाहीत. वर्षभराचा अंदाज घेऊन, दवाखाना नीट चालला तर जेवढे भरतील तेवढे तास धरायचे. रिकाम्या खुर्चीचा सगळा भार आलेल्या रुग्णावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही.

आता दाढेकडे येऊ. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते. दाढेला तीन असतात, आणि वरच्या पहिल्या दाढेत तर बऱ्याचदा चौथीही सापडते. ती बारीक आणि लपलेली असते, शोधायला वेळ लागतो, आणि ती राहून गेली तर काही महिन्यांनी दाढ पुन्हा ठणकू शकते. म्हणून दाताचा आणि दाढेचा दर एकच ठेवणं चूक आहे.

दाढेचं काम दोन बैठकांत होतं असं धरू. पहिल्या बैठकीत एक्स-रे, भूल, ती चढेपर्यंतची वाट, लाळ आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती ताणायचा रबर डॅम, दाढ उघडणं, नळ्या शोधणं आणि त्यांची लांबी मोजणं. दुसऱ्या बैठकीत नळ्यांना आकार देणं, औषधी द्रावणाने धुणं, वाळवणं, भरणं, पुन्हा एक्स-रे आणि वरचं पक्कं सिमेंट. वेळ मोजायचा तो रुग्ण खुर्चीवर बसल्यापासून खुर्ची पुसून, उपकरणं ऑटोक्लेव्हकडे जाऊन, पुढच्या रुग्णासाठी ती तयार होईपर्यंत. अंदाजाने हा वेळ नेहमी कमी वाटतो. दहा-पंधरा दाढांच्या केसपेपरवर सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहून ठेवली, तरच खरा आकडा मिळतो. आपण दोन्ही बैठकी मिळून दोन तास धरू. खुर्चीचे झाले २,००० रुपये.

मग सामान. यात सगळ्यात जड असते नळी साफ करणारी फिरती फाईल. निकेल-टायटॅनियमची ही फाईल वाकते, पण वापरागणिक थकते आणि कधीतरी नळीतच तुटते. १,८०० रुपयांचं पाकीट चार दाढांपुरतं धरलं तर एका दाढेवर ४५० येतात. पाकिटावर ‘एकदाच वापरा’ लिहिलं असेल, तर अख्खं पाकीट एकाच रुग्णाच्या नावावर टाकावं लागेल. हाताने चालवायच्या फाइलींसह हे ५०० धरू. दोन्ही बैठकांचे हातमोजे, मास्क, भुलीचं औषध, सुई आणि रबर डॅम २२०. धुण्याची द्रावणं, वाळवायचे कागदी पॉइंट, नळी भरायचं गटापर्चा आणि त्याचं सीलर, तात्पुरतं सिमेंट २३०. वरचं पक्कं भरण १५०. एकूण १,१०० रुपये. दंतोपचारावर जीएसटी नाही, म्हणून दवाखान्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. सामानाची किंमत धरायची ती कर धरून, दुकानदाराच्या बिलावरची शेवटची.

वेळ आणि सामान मिळून झाले ३,१००. काही दाढा पुन्हा उघडाव्या लागतात, काही रुग्ण वेदना होते म्हणून मध्येच येतात आणि त्याचे पैसे चांगला डॉक्टर मागत नाही. त्यासाठी दीडशे रुपये धरले तर ३,२५०. यावर १५ टक्क्यांच्या जवळपास नफा म्हणजे ५०० रुपये. दर झाला ३,७५०. हा नफा डॉक्टरांच्या पगाराहून वेगळा आहे. नवं यंत्र, वाईट महिना, मदतनिसाची पगारवाढ हे सगळं त्यातून येतं. रुग्णाने दहा टक्के सवलत मागितली की ३७५ रुपये जातात, म्हणजे नफ्याचा तीन-चतुर्थांश. गरजू माणसाला सवलत जरूर द्यावी, पण ती कुठून जाते हे माहीत असून द्यावी.

आता अडीच हजारांच्या दराकडे पाहा. आपल्याच दवाखान्याने तो लावला, तर सामानाचे १,१०० वजा जाऊन १,४०० उरतात, म्हणजे तासाला हजार या हिशेबाने ८४ मिनिटं. दोन तासांतली ३६ मिनिटं कुठून तरी कापावी लागतील. कापणी बहुधा अशा जागी होते जी रुग्णाला दिसत नाही: रबर डॅम लावला जात नाही, द्रावणाला नळीत पुरेसा वेळ मिळत नाही, चौथी नळी शोधली जात नाही, चार दाढांची फाईल आठ दाढांना पुरवली जाते. पण स्वस्त म्हणजे वाईटच, असंही नाही. ज्याची खुर्ची महिन्याला १५० तास भरते, त्याचा तास ७३३ रुपयांना पडतो आणि हीच दाढ त्याला साधारण २,५७० रुपयांत परवडते. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दर फार कमी असतात, कारण इमारतीचा आणि पगाराचा भार सरकार उचलतं. तिथे रुग्णाचा वेळ मात्र जास्त जातो, कारण काम विद्यार्थी शिकत शिकत करतात.

कॅपचा हिशेब वेगळा. लॅबच्या बिलाची तिप्पट करायची, असा आडाखा काही जण वापरतात. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपचं लॅब-बिल १,२०० आणि झिरकोनियाचं ३,००० समजू. तिप्पट केल्यावर ३,६०० आणि ९,००० होतात. पण दाढ घासणं, माप घेणं आणि कॅप बसवणं यांत दोन्हींना खुर्ची साधारण दीडच तास लागते आणि मापाचं सामानही अडीचशेच्या आसपास. खर्च येतो २,९५० आणि ४,७५०. पंधरा टक्के धरले तरी झिरकोनियाची कॅप साडेपाच हजारांच्या आत बसते. तिप्पटीचा आडाखा एका रुग्णाकडून हजारो रुपये जादा घेतो आणि त्यासाठी जास्तीचं काम काहीच करत नाही. तो सोडून द्यायला हवा.

हे दर बरोबर आहेत का, हे डॉक्टरांना महिनाअखेरीस एका भागाकारात कळतं. जमेतून सामान आणि लॅबची बिलं वजा करायची आणि उरलेल्याला खुर्ची भरलेल्या तासांनी भागायचं. १ लाख ७० हजार जमा, ७० हजार बिलं, ११५ तास, तर तासाला जेमतेम ८७० पडतात. खुर्ची भरलेली असूनही हजाराच्या खाली आलं, तर एक तर दर कमी आहेत किंवा कामाला धरल्यापेक्षा जास्त वेळ लागतोय.

रुग्णाने मात्र फक्त आकडा विचारू नये. दरात एक्स-रे, वरचं भरण आणि कॅप धरली आहे का, किती बैठका लागतील, रबर डॅम लावणार का, फाईल किती वेळा वापरता आणि दुखणं परतलं तर पुन्हा पैसे लागतील का, एवढं विचारा. हिशेब मांडून दर ठरवणारा डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, कारण उत्तरं त्याच्याकडे लिहिलेली असतात.