अंगाई आणि खेळगाणी : थोडे सूर, ठरलेला ठेका

अंगाईगीते आणि मुलांची खेळगाणी यांचा कर्ता सहसा सापडत नाही आणि त्यांचा पाठही कधी कायमचा ठरत नाही. अंगाई मोठी माणसे बाळासाठी गातात. खेळगाणी बहुतेक वेळा मुले मुलांकडूनच उचलतात. दोन्हींची घडण मात्र पुष्कळशी सारखी असते. सूर थोडे, बरेचदा तीन ते पाच, ओळी लहान, आणि तेच शब्द, तीच चाल पुन्हा पुन्हा. एकमेकींशी काही नाते नसलेल्या भाषांतही हीच घडण आढळते. याचे कारण ही गाणी करत असलेल्या कामात आहे.

अंगाईचे काम बाळाला शांत करण्याचे. ती बराच वेळ गावी लागते, म्हणून चाल बोलण्याच्या आवाजाच्या आसपासच फिरते. सूर एकदम वर चढला तर डोळा लागलेले बाळ दचकते. पुनरावृत्तीही याच कामाची आहे. बारशाला म्हटल्या जाणाऱ्या पाळण्यात पहिल्या दिवसापासून एकेक दिवस पुढे सरकतो. दिवसाचा आकडा आणि थोडा तपशील बदलतो. चाल आणि शेवटचे पालुपद तेच राहते. पालुपदातल्या ‘जो जो’ला अर्थापेक्षा नादाचे महत्त्व जास्त. तमिळमधले ‘आरारो’, रशियनमधले ‘बायू-बाय’ आणि इटालियनमधले ‘निन्ना-नान्ना’ हेच काम करतात.

हे साम्य ऐकणाऱ्यालाही जाणवते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 86 लहान समाजांमधल्या गाण्यांचे चौदा-चौदा सेकंदांचे तुकडे 60 देशांतल्या 750 लोकांना ऐकवले गेले. भाषा कळत नसतानाही नाचाचे गाणे आणि अंगाई त्यांनी बऱ्यापैकी ओळखली. प्रेमगीते मात्र नीट ओळखता आली नाहीत. 2020 साली अमेरिकेतल्या तान्ह्या मुलांवरील प्रयोगात परक्या भाषांतल्या अंगाई ऐकताना, त्याच भाषांतल्या इतर गाण्यांच्या तुलनेत, बाळांच्या हृदयाचे ठोके अधिक मंदावलेले आढळले.

खेळगाण्याचे काम वेगळे. टाळी, उडी आणि फेर एका वेळी पडायचे, तर सर्वांच्या मनात एकच मोजमाप हवे. रोमानियन संगीत-अभ्यासक कॉन्स्टँटिन ब्रायलोयू यांनी 1956 मध्ये हे मोजमाप दाखवले. अनेक देशांतल्या बालगीतांत एका ओळीचा पसारा साधारणपणे आठ लहान मात्रांइतका असतो आणि त्यात दोनच लांबी वापरल्या जातात, एक मात्रा आणि तिची दुप्पट.

पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे मराठी मुलांचे गाणे यावर तपासून पाहता येते. त्याच्या चारही ओळी उच्चाराप्रमाणे मोजल्या, तर प्रत्येकीत सहा ठोकळे पडतात. पहिले चार एकेका मात्रेत म्हटले जातात, शेवटचे दोन लांबवून दोन-दोन मात्रांचे होतात. चार आणि चार मिळून आठ. दुसऱ्या ओळीचे पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, तरी त्याला पुढच्या दीर्घ अक्षराइतकाच वेळ मिळतो. ठेका असा भाषेच्या ऱ्हस्व-दीर्घावर मात करतो. दर दोन मात्रांना एक टाळी धरली, तर ओळीत चार आणि गाण्यात सोळा टाळ्या होतात. चार ओळी आणि प्रत्येकीत चार ठोके ही बांधणी मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन्स बर्लिंग यांना 1966 मध्ये इंग्रजी, पेकिंगची चिनी आणि सुमात्रातली बेंकुलू या तीन दूरच्या भाषांच्या बालगीतांत आढळली होती.

पुनरावृत्ती येथेही आहे. भोंडल्याच्या काही गाण्यांत फेर धरणाऱ्या मुली सासू, सासरा, दीर, नणंद असे एकेक नाते पुढे नेतात. बाकीची ओळ तशीच राहते. नवीन मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच गाऊ लागते, आणि गाणे लांबवायचे झाले तर आणखी एखादे नाते जोडले की झाले.

सुरांचा आवाका लहान असण्यामागे आवाजाची मर्यादा आहे. लहान मुलांना पाच-सहा सुरांपलीकडे सहज जाता येत नाही; त्यातून धावता-नाचताना दम अपुरा पडतो. हंगेरीतल्या कोडाई पद्धतीत संगीतशिक्षणाची सुरुवातच ‘प’वरून ‘ग’वर उतरणाऱ्या दोन सुरांच्या गाण्यांनी होते. ही उतरण जगातल्या सर्व मुलांची उपजत आहे, असेही पूर्वी सांगितले जाई. तो दावा मात्र टिकलेला नाही, कारण मुले आसपासच्या संगीतातले सूर आणि स्वरांतरे उचलतात.

साधेपणाचा नियमही सरसकट लागू होत नाही. कॅथरिन मार्श यांनी अनेक देशांतल्या शाळांच्या मैदानांवरचे खेळ अभ्यासले आणि 2008 च्या पुस्तकात दाखवले, की टाळ्यांच्या खेळांत गाण्याचा ठेका आणि हातांचा ठेका कधी कधी वेगवेगळे चालतात आणि मुले चित्रपटातली व जाहिरातींतली गाणीही आपल्या खेळात बसवतात. त्यामुळे साम्य शोधायचे ते मुख्यतः मात्रांच्या मोजणीत, सुरांच्या लहान आवाक्यात आणि पुनरावृत्तीत. शब्द, स्वरांतरे आणि खेळाचे नियम ठिकाणागणिक बदलतात.