लॉगमध्ये POST नाही, म्हणजे पासवर्ड वाचला?

वाळूजच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. ‘मेलबॉक्स भरला आहे, पुन्हा लॉगिन करा’ असा बनावट मेल सकाळी सगळ्यांना येतो. आयटी विभाग स्क्विड प्रॉक्सीच्या लॉगमध्ये त्या साइटचं नाव शोधतो. POST असलेली एकही ओळ सापडत नाही. मग ‘लिंक उघडली, पण पासवर्ड कुणीच दिला नाही’ असं ठरवून सगळे निर्धास्त होतात.

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. साइट https असेल, तर प्रॉक्सीला फक्त CONNECT आणि साइटचं नाव दिसतं. आतला सगळा मजकूर कूटबद्ध असतो. नुसतं पान पाहणारा आणि पासवर्ड भरणारा, दोघांचीही ओळ सारखीच उमटते. प्रॉक्सीवर टीएलएस तपासणी चालू असेल तरच पुढचं दिसतं (काही रकाने गाळले आहेत):

```
1718685724.118 10.20.4.37 TCP_MISS/200 GET https://mail-login.example/v
1718685765.502 10.20.4.37 TCP_MISS/302 POST https://mail-login.example/s
```

पहिली ओळ पान उघडल्याची. एक्केचाळीस सेकंदांनी फॉर्म गेला आणि 302 ने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं. बनावट साइट अशा वेळी बहुधा खऱ्या लॉगिन पानावर नेऊन सोडते, म्हणून कर्मचाऱ्याला संशयही येत नाही. काही पानं पासवर्ड तिसऱ्याच साइटकडे पाठवतात. त्यामुळे त्याच आयपीच्या पुढच्या काही मिनिटांतल्या सगळ्या ओळी वाचाव्या लागतात.

‘आयपी सापडला म्हणजे माणूस सापडला’ हेही खरं नाही. स्क्विड वेळ यूटीसीतल्या सेकंदांत लिहितो. वरची पहिली ओळ 18 जून 2024 ची, भारतीय वेळेनुसार सकाळी 10:12:04 ची आहे. त्या क्षणी 10.20.4.37 हा पत्ता कोणत्या संगणकाकडे होता, ते डीएचसीपीच्या नोंदीत मिळतं. शॉपफ्लोअरवरचा संगणक तीन पाळ्यांत वेगवेगळे लोक वापरत असतील, तर विंडोजची लॉगिन नोंदही जुळवावी लागते. शिवाय काही मेल-सुरक्षा यंत्रणा लिंक स्वतःच उघडून तपासतात. त्यांचा ‘क्लिक’ कुणाच्याही नावावर टाकू नये.

मोबाइल डेटावर मेल उघडणारे तर या लॉगमध्ये येतच नाहीत. त्यांच्यासाठी मेल कुणाकुणाला पोचला याची यादी घेऊन त्या प्रत्येक खात्यात अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झालं का, ते पाहावं.

सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे असतात आणि फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. एवढ्या वेळात प्रत्येक ओळीचा छडा लागणार नाही. म्हणून टीएलएस तपासणी नसेल, तर CONNECT दिसलेल्या प्रत्येकाने पासवर्ड दिला असंच धरा. त्याचा पासवर्ड बदला, चालू सेशन बंद करा आणि मगच त्याला शांतपणे विचारा, ‘काय काय भरलंत?’